नाव नंतर देणे

दमयंतीबाई पाटोदेकरांना कशाकशाची भीती वाटते याची यादी मी एकदा टाइम ऑफिसच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर केली होती. टेलिफोनची घंटा, लाल शाई, पोलिसांची गाडी, साहेबांनी दिलेली हाक, साहेबांनी न दिलेली हाक, एसटीच्या मागच्या सीटा, आणि दहा माणसं एकत्र उभी दिसली की ती दहा माणसं. यादी बाविसावर गेली तेव्हा मी थांबलो, कारण बाई पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "पाल राहिली लक्ष्मणराव," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या टेबलावर जाऊन बसल्या.

आमचा कारखाना वाळूजला, एमआयडीसीत. लोखंडी पत्रे दाबून स्कूटरचे सुटे भाग करायचा. मी हजेरी ठेवायचो, बाई पर्सोनेल विभागात टायपिस्ट होत्या. त्यांचे यजमान याच कारखान्यात स्टोअरकीपर होते. ते गेल्यावर कंपनीनं बाईंना नोकरी दिली. दोन मुली शिकत होत्या, घर भाड्याचं, आणि सासर-माहेर दोन्हीकडून येणार ते फक्त सल्ले. ही नोकरी गेली तर काय, हा प्रश्न त्या रोज सकाळी कार्ड पंच करताना स्वतःला विचारायच्या असं मला नेहमी वाटायचं.

गर्दीची भीती मात्र जुनी होती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा त्या कन्नडहून एसटीनं येत होत्या. रस्त्यात झाडं आडवी टाकलेली. गाडी दोन तास उभी होती आणि लांब एका वस्तीतून धूर निघत होता. "आम्ही नुसतं बघत होतो हो," त्या सांगायच्या. "ज्यांची घरं जळत होती त्यांना कसं वाटत असेल. मी तर खिडकी लावून घेतली." ती खिडकी लावून घेतल्याचं त्यांना पुढंही टोचत राहिलं. संध्याकाळी कंपनीच्या बसपर्यंत त्यांना एकटीनं जाववत नसे. पाच वाजले की त्या माझ्या खिडकीशी येऊन म्हणायच्या, "लक्ष्मणराव, थांबता का?" मी थांबायचो.

आता सांगतो ती गोष्ट त्र्याण्णवच्या डिसेंबरातली. नामांतराचा निर्णय आता होणार, उद्या होणार, असं रोज कानावर येत होतं. आज इकडं बंद, उद्या तिकडं मोर्चा. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या असायच्या. कारखान्यात एकाच मशीनवर काम करणारी माणसं जेवायला वेगवेगळी बसू लागली होती. अशा दिवसांत एका दुपारी भिकन शेंडगे तोंडावर घाम घेऊन बाईंच्या टेबलाशी आला.

भिकन प्रेस शॉपमधला. गाव देवगाव रंगारीजवळचं. बाप मल्हारी जन्मभर मेंढरांमागं फिरला, आई बानाबाई अजून चाळीसेक मेंढरं राखून होती. भिकन घरातला पहिला पगारी माणूस. त्याच्या बायकोचं, कस्तुराबाईचं, ऑक्टोबरात पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं, शहरातल्या एका खासगी दवाखान्यात. कंपनीनं सगळ्या कामगारांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा मेडिक्लेम उतरवला होता, त्यातून पैसे मिळायचे होते. दवाखान्याचं बिल नऊ हजार नऊशे वीस. ते भिकननं कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढून भरलं होतं.

त्यानं बाईंसमोर विमा कंपनीचा कागद ठेवला. छापील डिस्चार्ज व्हाउचर. सहा हजार सातशे वीस रुपये मंजूर, आणि खाली लिहिलेलं की ही रक्कम मी माझ्या दाव्याच्या पूर्ण व अंतिम फेडीदाखल स्वीकारतो. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून पाठवलं की चेक निघणार.

"सही कुठं करू, बाई?" भिकन म्हणाला. "आजच धाडा. तिच्या पायाचं बिघडलंय."

"पायाचं काय?"

"बोटाला फोड आला व्हता. आता बोटं काळी पडाय लागली. डाक्टर म्हन्ले शुगर हाय, आठ दिसांत अॅडमिट करा, नायतर पाय घोट्यापासनं जाईल. चार हजार डिपाझिट मागतेत."

बाई व्हाउचर वाचत होत्या. हे असे कागद त्यांच्या हातून वर्षाला तीस-चाळीस जायचे. सही कुठं करायची ते दाखवायचं, स्टॅम्प लावायचा, पाकीट बंद करायचं. पण त्या दिवशी त्यांनी व्हाउचरला टाचलेली चिठ्ठीही वाचली. तीन हजार दोनशे रुपये का कापले ते त्यात होतं. भेटायला आलेल्यांच्या जेवणाचे साठ. बाकीचे तीन हजार एकशे चाळीस एकाच कारणानं: मधुमेह हा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा, केसपेपरात 'पाच वर्षांपासून' अशी नोंद, कलम ४.१ प्रमाणे देय नाही.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, झालं, यादीत चोविसावी भीती आली.

"भिकन, यावर सही करू नकोस," त्या म्हणाल्या.

भिकनला कळेना. मलाही कळेना. तेव्हा त्यांनी हळू आवाजात सांगितलं. या कागदावर सही केली की शुगर जुनी आहे हे आपण मान्य केलं असं होतं. आता पायाचं ऑपरेशन होणार ते शुगरमुळंच. त्याचा दावा गेला की कंपनी हाच कागद पुढं करणार आणि एक पैसा देणार नाही. पुढं डोळे, मूत्रपिंड, काही झालं तरी हेच. आत्ताच्या पावणेसात हजारांसाठी कस्तुराबाईचा पाय आणि पुढचं सगळं आयुष्य त्या सहीत बांधलं जाणार होतं.

"आन सही नाय केली तर?"

"तर हे पैसेही आत्ता मिळणार नाहीत."

भिकन खाली बसला. खुर्ची होती तरी जमिनीवर बसला. त्याला भीती वाटत होती हे उघड होतं. बाईंना त्याच्यापेक्षा जास्त वाटत होती.

पहिला प्रश्न हा, की पाच वर्षं आली कुठून. कस्तुराबाईची शुगर कोणी कधी तपासलीच नव्हती. ती ऑक्टोबरात त्या दवाखान्यातच पहिल्यांदा कळली. दुसऱ्या दिवशी भिकन आईला घेऊन गेटवर आला. बानाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत मातीत बसली. भरती करताना डॉक्टरांशी बोलली होती तीच, कारण सासू शेजारी असताना सुनेनं परक्या पुरुषापुढं तोंड उघडायची त्यांच्यात रीत नव्हती.

"म्याच सांगितलं," ती म्हणाली. "डाक्टरनं इचारलं, थकवा, तहान कवापास्नं? म्या म्हन्लं पाच साल झाले. आवो बाई, सरकारी दवाखान्यात कालपास्नं दुखतं म्हन्लं की गोळी देऊन हाकलून देत्यात. जुनं हाय म्हन्लं की खाटा देत्यात. आमी समदेच तसं सांगतो."

"पण खरं किती दिवस होतं?"

"काय म्हाईत. मेंढरं गंगथडीला नेली व्हती त्या साली तिला लई तहान लागायची. त्याला दोन साल झाले, तीन झाले. म्या तिला खाट मिळावी म्हनून बोलले." मग तिनं विचारलं, "माज्या बोलण्यानं तिचा पाय जानार का?"

बाईंनी दवाखान्याचा पत्ता लिहून घेतला. मी मान फिरवली.

बाई त्याच दुपारी अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेल्या. डॉक्टर सज्जन होते, पण केसपेपरातली नोंद बदलायला त्यांनी साफ नकार दिला. "बाई, नातेवाईकांनी जे सांगितलं ते मी लिहिलं. आता खाडाखोड केली तर उद्या माझ्या एकाही कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही." त्यांचं बरोबर होतं. मात्र एक गोष्ट त्यांनी लिहून दिली. ऑक्टोबरच्या बारा तारखेला भरती झालेल्या बाईचं ऑपरेशन अठराला झालं, कारण शुगर उतरल्याशिवाय भूल देणं धोक्याचं होतं. शिवाय औषधांच्या दुकानाची सगळी बिलं त्यांनी एकेक करून फोड करून दिली, कुठलं औषध कशासाठी ते शेजारी लिहून.

कचेरीत परत येऊन बाईंनी कपाट उघडलं. पॉलिसी इंग्रजीत होती, बारीक छापाची, आणि दरवर्षी तिच्या प्रती बाईंनीच टाइप केलेल्या, पण तोपर्यंत त्यांनी ती वाचली नव्हती, फक्त टाइप केली होती. आता वाचली. कलम ४.१ त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. संरक्षण पहिल्यांदा सुरू झालं त्या वेळी जे आजार आधीच होते, ते वगळले आहेत.

"पहिल्यांदा," बाई म्हणाल्या. "लक्ष्मणराव, पहिल्यांदा. त्या लोकांनी ह्या वर्षीची पॉलिसी धरली. एक जानेवारी त्र्याण्णव. पण आपली पॉलिसी अठ्ठ्याऐंशीच्या एक जानेवारीपासून आहे, एकही वर्ष खंड नाही."

मी बोटांवर मोजलं. ऑक्टोबर त्र्याण्णवमधून पाच वर्षं मागं गेलं की ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी. म्हणजे बानाबाईची पाच वर्षं शब्दशः खरी धरली, तरी आजार संरक्षण सुरू झाल्यावर नऊ-दहा महिन्यांनी लागला. म्हातारीला खोटं पाडायची गरजच नव्हती. मला एवढा आनंद झाला की मी चहा सांगितला.

चहा आला तेव्हा बाई अठ्ठ्याऐंशीची यादी घेऊन बसल्या होत्या. पॉलिसीला दरवर्षी कामगारांची आणि कुटुंबीयांची यादी जोडावी लागते. बाईंनी टाइप केलेली कार्बन कॉपी. क्रमांक एकशे सदतीसवर भिकन मल्हारी शेंडगे, वय चोवीस. त्याखाली: 'पत्नी, वय वीस, नाव नंतर देणे.'

नाव का नव्हतं ते आम्हा दोघांनाही आठवलं. त्या वर्षी बाईंनी सगळ्यांना टेबलाशी बोलावून नावं विचारली होती. भिकन नुकताच कायम झाला होता. बायकोचं नाव विचारल्यावर तो कानापर्यंत लाल झाला, "घरची मंडळी लिवा" म्हणाला आणि गप्प उभा राहिला. त्याच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही, चारचौघांत तर नाहीच. मागं रांग होती. रांगेतले हसत होते, मीही हसलो असेन. बाईंनी 'नाव नंतर देणे' असं टाइप केलं आणि यादी गेली. एकोणनव्वदला मागची यादी बघून तेच उतरलं. कस्तुराबाईचं नाव पहिल्यांदा आलं ते नव्वदच्या यादीत.

"म्हणजे तिचं संरक्षण नव्वदपासून धरतील," बाई म्हणाल्या. "आणि मग पाच वर्षं आधीचीच ठरतात." यादी मिटून त्या म्हणाल्या, "माझ्यामुळं."

चहा तसाच राहिला. ही यादी लावली नाही तर पत्राला पुरावा नाही. लावली तर बाईंची चूक सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, विमा कंपनीसमोर. आणि पत्र बाईंच्या सहीनं जाऊच शकत नव्हतं. पॉलिसी कारखान्याच्या नावावर, तेव्हा सही पर्सोनेल मॅनेजरची, म्हणजे मुकुंद चौसाळकर साहेबांची. त्यांना सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ती रात्र त्यांनी कशी काढली ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या पत्राचा कच्चा खर्डा घेऊनच. पण आधी त्यांनी कपाटातून प्रीमियमचा हिशेब काढला. विमा कंपनीनं शिक्का मारून परत दिलेला, अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वदचा. एकशे सदतीस: स्वतः अधिक एक. दोघांचा हप्ता घेतलेला. नाव नव्हतं, तरी त्या नसलेल्या नावाचे पैसे कंपनीनं दोन वर्षं मोजून घेतले होते.

पत्र इंग्रजीत होतं. मला आठवतं तसं मराठीत सांगतो. सुरुवातीला पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, आणि हे की व्हाउचर सही न करता परत पाठवत आहोत. मग, जेवणाचे साठ रुपये कापले ते योग्य आहे, त्याबद्दल आमचं म्हणणं नाही. मी विचारलं, ते कशाला लिहायचं. बाई म्हणाल्या, "जे त्यांचं बरोबर आहे ते आधी मान्य केलं की उरलेलं ते नीट वाचतील." मग कलम ४.१ जसंच्या तसं, 'पहिल्यांदा' या शब्दाखाली रेघ. तारखांचं गणित. आणि मग हे वाक्य: 'सन १९८८ व १९८९ च्या यादीत सदर पत्नीचं नाव देण्याचं आमच्या कार्यालयाकडून राहून गेलं. मात्र तिचा हप्ता आपण दोन्ही वर्षं स्वीकारला आहे, आणि सदर कामगाराच्या १९८६ च्या रेशनकार्डावर पत्नी म्हणून एकच नाव आहे.'

शेवटी बिलांची फोड. फिजिशियनची फी सहाशे. रक्तातली साखर तपासण्याचे पाचशे साठ. औषधं अकराशे ऐंशी, पण त्यातले चारशे तीस टाके आणि अँटिबायोटिकचे, त्यांचा मधुमेहाशी संबंधच नाही, सोबत बिल क्रमांक. पाच दिवसांचं खोलीभाडं दिवसाला एकशे साठप्रमाणे आठशे. हे दिवस ऑपरेशनच्या तयारीचेच होते, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. म्हणजे तुमचं म्हणणं क्षणभर खरं धरलं तरी खोलीभाडं आणि औषधांचे चारशे तीस तुम्हाला द्यावेच लागतात. आणि आमचं म्हणणं खरं असेल तर सगळे तीन हजार एकशे चाळीस.

मी ते वाचून बाईंकडं बघत राहिलो. दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला ही बाई अशी ठाऊकच नव्हती.

चौसाळकर साहेबांनी पत्र वाचलं आणि दार लावून घ्या म्हणाले. मला बाईंनी डोळ्यांनीच थांबायला सांगितलं, म्हणून मी आतच उभा राहिलो.

"दमयंतीबाई, पंधरा दिवसांवर रिन्यूअल आलंय. यंदा दावे जास्त झालेत, हप्ता वाढवायच्या गोष्टी चालल्यात. अशा वेळी त्यांना डिवचायचं? सही करायला सांगा त्याला." मग त्यांची नजर त्या एका वाक्यावर गेली. "आमच्या कार्यालयाकडून म्हणजे कोणाकडून?"

"माझ्याकडून, साहेब."

"हे लेखी देताय तुम्ही. माझ्या सहीनं. याची नोंद मला घ्यावी लागेल. कळतंय का?"

बाईंनी टेबलाची कड धरली. मला वाटलं त्या आता कागद उचलतील. त्या म्हणाल्या, "कळतंय साहेब. नोंद घ्या. पण आधी सही करा, आठ दिवसांतले दोन गेले."

साहेबांनी सही केली. का केली ते मी आजवर नक्की सांगू शकत नाही. कदाचित बाईंनी त्यांना कधीच काही मागितलं नव्हतं म्हणून असेल.

पत्र टपालानं पाठवलं तर ते कुठल्या बंदात अडकेल याचा नेम नव्हता. हाती द्यायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची, असं बाईंनी ठरवलं. तिघं निघालो, बाई, भिकन आणि मी. त्या सकाळी अफवा होती की बाबा पेट्रोल पंपाजवळ काहीतरी झालंय. रिक्षावाला म्हणाला, "आगे नहीं जाता मैं, बच्चेवाला आदमी हूँ," आणि अलीकडंच उतरवून मोकळा झाला. दुकानांची शटरं अर्धी खाली होती. पुढं चौकात तीसेक माणसं उभी होती, कोण, कशासाठी, काही कळत नव्हतं. बाईंनी पत्राची फाइल छातीशी धरली आणि माझी बाही पकडली. त्यांची पकड एवढी घट्ट होती की बाहीचं बटण तुटलं. आम्ही त्या माणसांच्या बाजूनं गेलो. कोणी अडवलं नाही.

विमा कंपनीच्या कचेरीत निम्मी टेबलं रिकामी होती. क्लेम बघणारे साहेब जाड चष्म्याचे. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. प्रीमियमचा कागद दोनदा उलटून पाहिला. मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हप्ता घेतला हे दिसतंय. पण ही पत्नी म्हणजे हीच बाई कशावरून? उद्या दुसऱ्या बायकोचा दावा आला असता तर? त्या वेळी नाव का दिलं नाही?"

प्रश्न बाईंना होता, पण त्यांनी भिकनकडं बघितलं. भिकननं पिशवीतून रेशनकार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, आणि साहेबांच्या समोर ठेवलं. ते उघडण्याआधी साहेबांनी त्यालाच विचारलं, "बायकोचं नाव काय?"

मागं दोन कारकून बसले होते, एक बाई पाणी पीत होती. भिकन जमिनीकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा पुन्हा घरची मंडळी म्हणणार, आणि सगळं वाया जाणार.

"कस्तुराबाई," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "कस्तुराबाई भिकन शेंडगे. एकच हाय, साहेब. लगीन झालं तवापास्नं एकच."

साहेबांनी कार्ड बघितलं. प्रतीवर पोचेचा शिक्का मारला, तारीख घातली. "मी वर ठेवतो," ते म्हणाले. "निर्णय माझा नाही. सही नसलेल्या व्हाउचरवर चेक देता येत नाही, हे मात्र आत्ताच सांगतो." म्हणजे हाताशी पैसे नाहीतच.

चार हजार डिपॉझिट आलं ते बानाबाईकडून. तिनं कन्नडच्या बाजारात नऊ मेंढ्या विकल्या आणि एसटी बंद होती म्हणून जीपनं शहरात आली. पैसे भिकनच्या हातात देताना ती म्हणाली, "माजं पाच सालाचं मोल." त्यावर भिकन तिच्यावर ओरडला, आणि मग दोघंही रडले असं त्यानं मला सांगितलं. कस्तुराबाई चोवीस तारखेला भरती झाली. बाईंनी त्याच दिवशी विमा कंपनीला दुसऱ्या भरतीची सूचना लेखी दिली, कारण सात दिवसांच्या आत द्यावी लागते. या वेळी डॉक्टरांनी विचारलं कवापास्नं, तेव्हा कस्तुराबाईनं स्वतः उत्तर दिलं, "ऑक्टोबरात तुमीच सांगितलं." तिच्या पायाची दोन बोटं गेली. पाय राहिला.

त्यानंतरचे अठरा दिवस फार वाईट होते. पत्राचं उत्तर नाही. ते नाकारलं गेलं तर नऊ मेंढ्या गेल्या, दुसरं बिल डोक्यावर, पतपेढीचं कर्ज वेगळंच, आणि बाईंनी स्वतःहून कबूल केलेली चूक कागदावर उरणार. टेलिफोन वाजला की बाई खुर्चीतून उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. मी त्यांची थट्टा करणं सोडून दिलं होतं.

अकरा जानेवारीला सुधारित व्हाउचर आलं. नऊ हजार आठशे साठ. सोबत दोन ओळी: संरक्षण एक जानेवारी अठ्ठ्याऐंशीपासून धरण्यात येत आहे. बाईंनी ते वाचलं, मला दिलं, आणि टेबलावर डोकं टेकून बराच वेळ बसल्या. रडत नव्हत्या. दुसऱ्या बिलाचं व्हाउचर पुढं महिन्याभरानं आलं, त्यात शुगरचं कारण नव्हतं.

चौदा तारखेला नामविस्ताराची घोषणा झाली. शहरात दोन-चार दिवस कोणी आनंदात होतं, कोणी रागात, आणि आमच्यासारखे बरेच जण घरात. सतरा तारखेला चौसाळकर साहेबांनी बाईंना आत बोलावलं आणि मेमो सांगायला सुरुवात केली. टायपिस्ट एकच होती, त्यामुळं बाईंचा मेमो बाईंनीच टाइप करायचा होता. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"सन अठ्ठ्याऐंशी व एकोणनव्वदच्या यादीत एका कामगाराच्या पत्नीचं नाव देण्यात आपण कसूर केली..."

टाइपरायटर थांबला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "एका कामगाराच्या पत्नीचं नको. नाव घालू का?"

"काय नाव?"

"सौ. कस्तुराबाई भिकन शेंडगे."

"घाला," साहेब म्हणाले.

बाईंनी नाव पूर्ण टाइप केलं, बाकीचा मेमो पूर्ण केला, साहेबांची सही घेतली, मिळाल्याची स्वतःची सही केली, आणि कपाट उघडून स्वतःच्याच फाइलीत तो क्रमांक घालून लावला. दहा वर्षांत ज्या कागदाला त्या सगळ्यात जास्त घाबरत होत्या, तो हाच. लावून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि बंदांमुळं रखडलेल्या नव्या वर्षाच्या यादीची शेवटची तपासणी सुरू केली.

पाच वाजले. मी खिडकीशी थांबलो होतो, नेहमीसारखा. बाई पर्स घेऊन आल्या, माझ्याकडं बघून मान हलवली, आणि न थांबता गेटबाहेर गेल्या. रस्त्यापलीकडं बसच्या थांब्यावर पंधरा-वीस माणसं उभी होती. त्या त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या.